मशीन बदललं आणि पावडरही: एका घरातल्या चार खरेद्यांचा माग

झालेल्या खरेदीचा माग काढणं हे आमचं रोजचं काम. एखादी वस्तू घरात आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्या घरी जाऊन बसायचं आणि ती वस्तू घ्यायचं पहिल्यांदा डोक्यात आलं तिथपासून ती वापरात आली तिथपर्यंतचा प्रवास उलगडायचा. पुस्तकात या प्रवासाचे पाच टप्पे असतात: गरज जाणवणं, माहिती शोधणं, पर्याय तोलणं, प्रत्यक्ष खरेदी आणि खरेदीनंतरचं वागणं. माणूस अडचणीतून विचारपूर्वक मार्ग कसा काढतो याच्या पायऱ्या जॉन ड्यूई यांनी 1910 मध्ये मांडल्या होत्या, आणि 1968 च्या सुमारास एंगल, कोलॅट आणि ब्लॅकवेल यांनी ग्राहकाच्या निर्णयाचा सविस्तर आराखडा मांडला, तो त्याच धाटणीचा. आराखडा अजूनही उपयोगी आहे. मात्र प्रत्येक खरेदी या पाचही पायऱ्या चढत नाही, आणि कोणती खरेदी किती पायऱ्या चढेल हे वस्तूकडे पाहून सांगता येत नाही. हे नीट समजावं म्हणून इथे एकाच घराचा धुण्याचा कोपरा घेतला आहे. त्या कोपऱ्यात थोड्या काळात चार खरेद्या झाल्या: वॉशिंग मशीन, त्याची वाढीव वॉरंटी, धुण्याची पावडर आणि फॅब्रिक कंडिशनर. चारही चार वेगळ्या प्रकारच्या निघाल्या.

हे प्रकार विपणनाचे अभ्यासक हेन्री असेल यांनी 1987 मध्ये मांडलेल्या चौकटीतले. चौकट दोन प्रश्नांवर उभी आहे. या खरेदीत ग्राहकाचा जीव किती गुंतला आहे? आणि समोरच्या ब्रँडमध्ये त्याला फरक किती दिसतो? जीव गुंतलेला आणि फरकही मोठा दिसतो, तिथे गुंतागुंतीची खरेदी. जीव गुंतलेला पण फरक फारसा दिसत नाही, तिथे चुटपुट शमवणारी खरेदी. जीव गुंतलेला नाही आणि फरकही दिसत नाही, तिथे सवयीची. जीव गुंतलेला नाही पण फरक ठळक आहे, तिथे बदल हवासा वाटणारी. यातला ‘दिसतो’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तंत्रज्ञाच्या लेखी दोन वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण ग्राहकाला तो दिसत नसेल तर त्याच्या वागण्यात तो फरक नाहीच.

मशीनपासून सुरुवात करू. घरात चौघं: नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी. कपडे रोज मशीनला लावायचं काम मुख्यतः आजींचं. ‘मशीन का घेतलं’ या प्रश्नाला उत्तर तयार होतं: जुनं बिघडलं. जवळजवळ सगळेच असं एका वाक्यात सांगतात, आणि मुलाखत घेणारा तिथेच थांबला तर पहिला टप्पा त्याच्या हातून निसटतो. बिघाड हे निमित्त असतं. गरज त्याच्या कितीतरी आधी आकार घेत असते. म्हणून आम्ही ‘का’ विचारत नाही. विचारतो ते असं: “आपल्याला दुसरं मशीन लागणार, असं तुमच्या मनात पहिल्यांदा कधी आलं? त्या वेळी तुम्ही कुठे होता?” या घरात उत्तर निघालं की मशीन बंद पडायच्या चारेक महिने आधी कपडे पिळून निघेनासे झाले होते. वाळायला वेळ लागू लागला, दोरी रिकामी होईना. आजींनी एकेक कपडा हाताने पिळून टाकायला सुरुवात केली होती आणि त्याबद्दल कुणाला काही बोलल्या नव्हत्या.

हा टप्पा नेमका असा चालतो. आहे ती स्थिती आणि हवी ती स्थिती यांत अंतर पडतं. हे अंतर दोन बाजूंनी वाढू शकतं. आहे ती स्थिती खालावते, जसं इथे झालं, किंवा हवी ती स्थिती वर सरकते, म्हणजे दुसऱ्याकडे काही चांगलं पाहिल्यावर आपलं अपुरं वाटू लागतं. दोन्हींतून होणारा शोध वेगळा असतो. खालावल्यातून निघालेला ग्राहक घाईत असतो आणि थोडे पर्याय पाहतो. वर सरकल्यातून निघालेला निवांत असतो, महिनोन्‌महिने चाळत राहतो आणि पुष्कळदा काहीच घेत नाही. शिवाय अंतर दिसलं की लगेच हालचाल होते असंही नाही. ते पुरेसं मोठं वाटावं लागतं, आणि घरातल्या इतर अडचणींच्या तुलनेत महत्त्वाचंही वाटावं लागतं. आजींचं पिळणं चार महिने खपून गेलं ते याचमुळे. त्रास ज्याला होत होता आणि पैसे ज्याच्या हातात होते, ती माणसं वेगळी होती. मग मशीन मध्येच पाण्यासकट थांबलं. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलेला खर्च नव्या मशीनच्या चांगल्याच मोठ्या हिश्श्याएवढा निघाला, आणि अंतर एका दिवसात सगळ्यांना दिसलं.

माहितीचा शोध आधी डोक्यातच होतो. जुन्या मशीनचा अनुभव, ऐकलेली नावं, शेजाऱ्याची तक्रार. सवयीच्या खरेदीत शोध इथेच संपतो. इथे तो बाहेर गेला, कारण आठवणीतली माहिती बरीच जुनी होती आणि चूक झाली तर पुढची कित्येक वर्षं ती घरात राहणार होती. बाहेरच्या शोधाबद्दल लोकांची आठवण मात्र फार बेभरवशाची. ज्या स्रोतामुळे मत फिरलं तो विसरतो आणि ज्याचं नाव सांगायला बरं वाटतं तो लक्षात राहतो. म्हणून आम्ही फोन उघडायला सांगतो. फोटो, निरोप, शोधाचा इतिहास आणि पावत्या या चार ठिकाणी तारखा असतात. या घराच्या फोनमध्ये मापपट्टीचा एक फोटो सापडला. मशीन ठेवायच्या कोनाड्याची रुंदी, पट्टीवर अंगठा दाबून धरलेला, आकडा त्रेसष्टच्या थोडा पुढे. या फोटोच्या तारखेने सगळी कालरेषा बदलली. सांगण्यात असं आलं होतं की दुकानात जाऊन पाहिलं आणि ठरवलं. पण दुकानात जायच्या नऊ दिवस आधी कुणीतरी सेंटिमीटर मोजत होतं.

माप घ्यायची वेळ का आली, हे विचारल्यावर खरा वळणबिंदू हाती लागला. घरातल्या बाईंना एका सहकाऱ्याने फ्रंट लोड घ्या असं सुचवलं होतं. तोवर घरात मशीन म्हणजे वरून उघडणारं टॉप लोड. फ्रंट लोडमध्ये ड्रम आडवा असतो, कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, पाणी कमी लागतं आणि पिळाईचा वेग सहसा जास्त असतो. पण दार पुढे उघडतं, म्हणून समोर मोकळी जागा लागते. कोनाड्याची रुंदी पुरेशी होती. मशीनची रुंदी साधारण 60 सेंटिमीटर धरली तरी दोन्ही बाजूंना थोडी फट उरत होती. समोर मात्र न्हाणीघराचं दार उघडलं की मशीनचं दार अडत होतं. या एका अडचणीने जास्त खोलीची मोठी मशीन यादीतून गेली. कुणी त्यांची तुलना केली नव्हती, त्या बसतच नव्हत्या.

पुढचे काही दिवस ग्राहक एक प्रकारे शिकत होता, आणि गुंतागुंतीच्या खरेदीची खूण हीच. सुरुवातीला त्याच्याकडे निकषच नसतात. किती किलोचं मशीन, पिळाईचा वेग किती, पाणी किती लिटर, आवाज किती, यातलं आपल्याला काय महत्त्वाचं आहे हे त्याला शोधतानाच कळतं. आधी समजूत तयार होते, मग आवड, मग निवड. शोधाची सुरुवात आणि शेवट यांत ग्राहकाने वापरलेल्या शब्दांतही हे उमटतं. पहिल्या निरोपात होतं, “चांगलं मशीन कोणतं?” आठवड्याभराने त्याच माणसाचा प्रश्न होता, “याचा पिळाईचा वेग 1200 आहे, पण रोजच्या सुती कपड्यांना 1000 पुरेल ना?” प्रश्न असे धारदार होत जात असतील तर खरेदी गुंतागुंतीची आहे असं बिनदिक्कत समजावं. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी प्रश्न तेच असतील तर वस्तू कितीही महाग असो, शोध नावापुरता होता.

शोध थांबतो कधी? सगळी माहिती मिळाल्यावर नाही. नवी माहिती मिळूनही पर्यायांचा क्रम बदलेनासा झाला की माणूस थांबतो, किंवा दमतो. दमून थांबलेला ओळखायचा कसा, तर तो शेवटी आधी वाचलेलंच पुन्हा वाचत असतो. इथे शेवटच्या दोन दिवसांत तीच तीन पानं वारंवार उघडलेली दिसली. तोवर विचारात घेण्याजोगे पर्याय तीनच उरले होते. बाजारात नावं भरपूर असली तरी गंभीरपणे तोलले जाणारे पर्याय बहुतेक घरांत दोन ते पाचच्या आसपास राहतात. ब्रँडच्या दृष्टीने खरी हार दुकानात होत नाही. या छोट्या यादीत नाव न येणं हीच हार.

आता तोलणं. तीन पर्याय होते. पहिलं नावाजलेल्या ब्रँडचं फ्रंट लोड, दुसरं कमी ऐकलेल्या ब्रँडचं फ्रंट लोड, तिसरं ओळखीचं टॉप लोड. चार निकषांना त्या घराने दिलेलं महत्त्व दहापैकी वाटून घेतलं: स्वच्छ धुलाईला 4, पाण्याच्या बचतीला 3, कमी आवाजाला 2, वापरायला सोपं असण्याला 1. मग प्रत्येक मशीनला प्रत्येक निकषावर दहापैकी गुण. पहिल्याला 8, 8, 6, 5, दुसऱ्याला 8, 9, 7, 5 आणि तिसऱ्याला 6, 5, 6, 9. गुणाकार करून बेरीज केली की पहिल्याचे 73, दुसऱ्याचे 78 आणि तिसऱ्याचे 60 होतात. म्हणजे दुसरं यायला हवं होतं. आलं मात्र पहिलं.

इथे नवखे अभ्यासक गुण चुकले असतील असं धरून आकडे दुरुस्त करत बसतात. गुण बरोबर होते, नियम चुकीचा लावला होता. बेरजेच्या हिशेबात एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या गुणाने भरून निघते. पण माणसं सगळ्या निकषांना असं भरून निघू देत नाहीत. काही निकष उंबरठ्यासारखे असतात, तो ओलांडला नाही तर बाकीचे गुण मोजलेच जात नाहीत. या घराचा उंबरठा होता दुरुस्ती. बिघाड झाल्यावर घरी यायला माणूस किती दिवसांत मिळेल, याचं दुसऱ्या ब्रँडकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. पाण्यासकट थांबलेल्या मशीनची आठवण ताजी होती. दुसरं मशीन तिथेच बाद झालं, आणि गंमत म्हणजे आमच्या चार निकषांत दुरुस्ती हा निकषच नव्हता, कारण घरच्यांनी महत्त्वाच्या गोष्टी सांगताना तो उच्चारलाही नव्हता. उंबरठ्याचे निकष असेच राहून जातात. जी अट सगळ्या उरलेल्या पर्यायांत पूर्ण होते, ती निवडीचं कारण म्हणून कुणाला आठवत नाही.

म्हणून मुलाखतीत आम्ही घेतलेल्या वस्तूबद्दल शेवटी बोलतो, आधी सोडलेल्या वस्तूंबद्दल. “दुसरं कधी सोडलं? त्या वेळी नेमकं काय वाचलं किंवा ऐकलं होतं?” घेतलेल्या वस्तूचं समर्थन माणूस तयार ठेवतो. सोडलेल्या वस्तूचं समर्थन त्याने रचलेलं नसतं, त्यामुळे तिथे खरं कारण सापडायची शक्यता जास्त. बहुतेक मोठ्या खरेद्यांत दोन्ही नियम एकापाठोपाठ लागतात. आधी उंबरठ्यांनी यादी छाटली जाते, मग उरलेल्या दोन-तीन पर्यायांत बेरीज-वजाबाकी होते.

आणि आजी? त्यांचा कौल टॉप लोडला होता. वाकावं लागत नाही, मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो. रोज वापरणाऱ्याच्या या दोन्ही गोष्टी ‘सोपं असणं’ या एकाच निकषात कोंबल्या गेल्या आणि त्याला दहापैकी एक मिळाला. वापरणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा असला की असं होतं. सुचवणारा, मत देणारा, ठरवणारा, प्रत्यक्ष विकत घेणारा आणि वापरणारा या पाच भूमिका कोणी निभावल्या हे प्रत्येक मोठ्या खरेदीत लिहून काढावं. नाहीतर ‘ग्राहकाला काय हवं होतं’ या प्रश्नाचं उत्तर आपण चुकीच्या माणसाकडून घेतो.

ठरवणं आणि घेणं यांत फट असते. ठरलेल्या माणसालाही दुकानात आणखी पाच गोष्टी ठरवायच्या असतात: कोणता ब्रँड, कोणाकडून, किती, केव्हा आणि पैसे कसे द्यायचे. या फटीत दोन गोष्टी घुसतात, जवळच्या माणसाचा विरोध आणि अचानक आलेली परिस्थिती. इथे हवं ते मॉडेल लगेच मिळणार नव्हतं, दहा दिवस थांबावं लागणार होतं, आणि घरात रोज धुणं साठत होतं. त्याच ब्रँडचं एक किलो जास्त क्षमतेचं मॉडेल दोन दिवसांत मिळत होतं. तेच घेतलं. पुढे याचं कारण ‘पाहुणे आले की मोठं बरं पडतं’ असं सांगितलं गेलं. पावतीवरची पोहोचवण्याची तारीख पाहिली नसती तर आम्हीही ते लिहून घेतलं असतं आणि अहवालात क्षमता हा निकष वरच्या क्रमांकावर चढला असता.

पैसे भरताना विक्रेत्याने वाढीव वॉरंटीचं विचारलं. ही दुसरी खरेदी, आणि अगदी वेगळ्या जातीची. रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती, धोका खरा वाटत होता, म्हणजे जीव गुंतलेला होता. पण समोरच्या दोन योजनांत फरक काय, हे कागद वाचूनही कळेना. दोन्हींत मोटरचा समावेश, दोन्हींत रबरी भाग वगळलेले, मुदतीत थोडा फरक. जिथे फरक दिसत नाही तिथे माणूस शोध लांबवत नाही. सोयीचं असेल ते घेतो आणि मोकळा होतो. मशीनला तीन आठवडे लागले होते, योजनेला काउंटरवर दहा मिनिटंही लागली नाहीत. मग घरी येऊन ग्राहकाने जे केलं त्यावरून प्रकार ओळखू येतो. त्याच रात्री त्याने योजनेबद्दलचे अभिप्राय शोधले. खरेदीच्या आधी न केलेला शोध खरेदीनंतर केला.

ही चुटपुट शमवणारी खरेदी. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेला मनातल्या विसंगतीचा सिद्धांत इथे लागू पडतो. निर्णय मागे घेता येत नाही आणि सोडलेल्या पर्यायाचे गुण डोळ्यांसमोर असतात, तेव्हा मनाला टोचतं, आणि मन ती टोचणी कमी करणारी माहिती शोधू लागतं. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नुकतीच गाडी घेतलेली माणसं स्वतः घेतलेल्या गाडीच्या जाहिराती इतर गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा जास्त वाचतात. घेऊन झाल्यावर जाहिरात कशाला वाचायची, असं वरवर वाटेल. ते वाचन आपण बरोबर केलं हे ऐकण्यासाठी असतं. इथे क्रम उलटा असतो: आधी कृती, मग समजूत, आणि आवड सगळ्यात शेवटी. विक्रेत्याला यातून शिकण्यासारखं हे की अशा खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ग्राहकाला साध्या भाषेत ‘तुम्हाला यातून काय मिळालं’ हे कळवणं खरेदीआधीच्या जाहिरातीइतकंच कामाचं असतं. नाहीतर ती पोकळी एखादा रागावलेला अभिप्राय भरून काढतो.

मशीन घरी आलं आणि पाचवा टप्पा सुरू झाला. समाधान म्हणजे वस्तू किती चांगली, एवढंच नसतं. अपेक्षेच्या तुलनेत ती कशी निघाली यावर ते ठरतं. पहिल्या धुण्यालाच मशीन थरथरत जागेवरून सरकलं. घरात सगळ्यांचे चेहरे पडले, आणि टॉप लोडचं नाव पुन्हा निघालं. कारण साधं होतं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मशीनच्या मागच्या बाजूला बोल्ट लावलेले असतात, ते वापराआधी काढायचे राहिले होते. जोडणाऱ्याने येऊन बोल्ट काढले, पाय फिरवून मशीन समपातळीत आणलं आणि थरथर थांबली. पण त्या मधल्या दीड दिवसात ब्रँडबद्दलचं मत घडत होतं. दुसरी अडचण जास्त चिवट निघाली. जुन्या मशीनमध्ये पाऊण तासात होणारं धुणं आता दोन तासांच्या वर जात होतं. फ्रंट लोडला कमी पाण्यात तेवढीच धुलाई करायला वेळ जास्त लागतो, हे त्या प्रकारचं वैशिष्ट्य आहे, बिघाड नाही. पण हे घरात कुणालाच आधी कळलं नव्हतं. वस्तू तीच, कामही तेच. विकतानाच वेळेची कल्पना दिली असती तर तक्रार झाली नसती. माहितीच्या टप्प्यात कुणीच न विचारलेला प्रश्न पाचव्या टप्प्यात असा नाराजी बनून येतो.

याच वेळी तिसरी खरेदी ढवळून निघाली, आणि माझ्या मते या घरातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच. धुण्याची पावडर. कित्येक वर्षं तोच पुडा येत होता. पावडर कशी निवडता, असं विचारल्यावर आधी प्रश्नच कळला नाही. “निवडायची काय त्यात? तीच आणतो.” हे सवयीच्या खरेदीचं शुद्ध उदाहरण. पुडा संपत आला हीच गरज, आठवण हाच शोध, आणि तोलणं शून्य. किराणा दुकानांत प्रत्यक्ष उभं राहून केलेल्या, 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एक वस्तू निवडायला लागणारा सरासरी वेळ 12 सेकंदांच्या आसपास निघाला होता. अनेकांनी किंमत पाहिलीच नव्हती, आणि सवलतीत वस्तू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपण सवलतीत घेतली हे माहीत नव्हतं. सवयीच्या खरेदीत किंमत कमी केली तरी ती वाया जाऊ शकते ती अशी. पाहणाराच नसतो.

सवयीला निष्ठा समजण्याची चूक मात्र फार मोठ्या कंपन्याही करतात. दोन्हींत बाहेरून तेच दिसतं: पुन्हा पुन्हा तोच ब्रँड. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो. “गेल्या वेळी तो फळीवर नव्हता तेव्हा काय केलं?” निष्ठावान माणूस थांबतो किंवा दुसरीकडे जातो. सवयीचा माणूस शेजारचा पुडा उचलतो. या घराने दोनदा शेजारचा उचलला होता आणि पुढच्या वेळी पुन्हा जुन्यावर आलं होतं. दुसरी पावडर वाईट होती का? आठवत नाही, असं उत्तर आलं. मत नव्हतंच, फक्त हाताची सवय होती.

ती सवय मशीनने मोडली. जुनी पावडर फेसाळ होती. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटण्यातूनच मळ निघतो, आणि जास्त फेस झाला की ते फेसावर अलगद पडतात. धुलाई उलट कमी होते. काही मशीन फेस ओळखून जास्तीच्या पाण्याने खळबळून काढतात, त्यामुळे आधीच लांबलेलं धुणं आणखी लांबतं. या घरात काळ्या कपड्यांवर पांढरट चट्टे दिसू लागले. आजींनी नेहमीच्या अनुभवाप्रमाणे निष्कर्ष काढला की पावडर कमी पडते आहे, आणि माप वाढवलं. फेस आणखी वाढला, चट्टेही वाढले. जुन्या मशीनमध्ये बरोबर असलेली समजूत नव्या मशीनमध्ये नेमकी उलटी पडत होती.

शेवटी माहितीपुस्तिका उघडली गेली. कमी फेसाची, फ्रंट लोडसाठी बनवलेली पावडर वापरा, असं तिथे लिहिलं होतं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे कुटुंब पावडरच्या फळीसमोर थांबलं. पुड्यांच्या पाठी वाचल्या, पावडर की लिक्विड यावर बोलणं झालं, एका ओळखीच्या बाईंना फोन झाला, छोटा पुडा आधी आणून पाहिला. गरज, शोध, तोलणं, खरेदी, परीक्षण, पाचही टप्पे हजर, तेही धुण्याच्या पावडरसाठी. वस्तू बदलली नव्हती, तिच्याभोवतीची परिस्थिती बदलली होती. पूर्वी न दिसणारा फरक दिसू लागला आणि चूक झाली तर मोजावी लागणारी किंमत वाढली: महागडं मशीन बिघडेल ही भीती. दोन्ही प्रश्नांची उत्तरं पालटली की चौकटीतली जागाही पालटते. कमी फेसाच्या पावडरचा छोटा नमुना काही ठिकाणी नव्या मशीनच्या खोक्यातच टाकतात, त्यामागचं शहाणपण हेच आहे. एरवी कितीही जाहिरात केली तरी बारा सेकंदांच्या ग्राहकाला थांबवता येत नाही. मशीन आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो स्वतःहून थांबलेला असतो, आणि ही खिडकी लवकर मिटते.

चौथी खरेदी थोडक्यात. फॅब्रिक कंडिशनर मुलगी निवडत असे. दर वेळी वेगळा वास. आधीचा आवडला नाही का, असं विचारलं तर म्हणाली, “आवडला होता की. म्हणूनच आता दुसरा.” जीव फारसा गुंतलेला नाही, चुकलं तर बाटलीभर नुकसान, पण वासांतला फरक मात्र झाकण उघडल्याबरोबर कळतो. ही बदल हवासा वाटणारी खरेदी. इथे ब्रँड सोडणं म्हणजे नाराजी नव्हे, आणि ‘ग्राहक का गेला’ याचं कारण खोदण्यात अर्थ नसतो. एकाच ब्रँडकडे चार वास असतील तर ग्राहक हिंडूनही घरातच राहतो. सर्वेक्षणात मात्र ही खरेदी आणि चट्ट्यांमुळे सोडलेली पावडर, दोन्ही ‘ब्रँड बदलला’ या एकाच रकान्यात पडतात. म्हणून त्या रकान्याशेजारी एक प्रश्न असायलाच हवा: “आधीचा पुन्हा घ्याल का?” कंडिशनरला उत्तर ‘हो’ येतं, पावडरला ‘नाही’.

या सगळ्या पद्धतीला मर्यादा आहेत. माणूस मागे वळून सांगताना आपली गोष्ट नीटनेटकी करतो, पाच टप्पे जणू ओळीने झाले असं सांगतो. प्रत्यक्षात मशीन पाहून झाल्यावर पुन्हा माप घेतलं जातं, तोलताना नवा निकष उगवतो आणि शोध परत सुरू होतो. म्हणून मोठ्या खरेदीची मुलाखत काही आठवड्यांच्या आत घ्यावी आणि तारखांचे पुरावे समोर ठेवूनच घ्यावी. सवयीच्या खरेदीला तर मुलाखत जवळजवळ निरुपयोगी. तिथे विचारलं की माणूस त्या क्षणी कारण तयार करतो: स्वस्त आहे, चांगला आहे, घरच्यांना आवडतो. सवयीची खरेदी फळीसमोर उभं राहून पाहावी, हात किती वेळ थांबतो ते मोजावं, आणि पुडा टोपलीत पडल्यावर लगेच किंमत विचारावी.

या घरातली नवी पावडर आम्ही पुढेही पाहत राहिलो. पहिल्या मोठ्या पुड्याच्या वेळी पाठ वाचली गेली. दुसऱ्या वेळी फक्त ‘फ्रंट लोड’ हे शब्द पाहिले. तिसऱ्या वेळी आजींनी रंग ओळखून पुडा उचलला आणि किंमत विचारल्यावर त्यांना ती सांगता आली नाही.